एक हिजरी तारीख, तीन इंग्रजी तारखा: अरबी जन्मदाखल्याच्या भाषांतराखाली भाषांतरकाराने काय लिहून द्यावं

हे प्रकरण छत्रपती संभाजीनगरातल्या एका कुटुंबाचं म्हणून मांडलं आहे. आखातातून परत आलेल्या घरांच्या कागदांत जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते इथे एकाच दाखल्यात गोळा केलं आहे. नाव आणि तारीख नमुन्याची असली, तरी चुका आणि त्यांची कारणं नेहमीचीच आहेत.

वडील दहाएक वर्षं जेद्द्यात नोकरीला होते. धाकटी मुलगी तिथेच जन्मली. वडिलांचा भाऊ अमेरिकेचा नागरिक असून त्याने बऱ्याच वर्षांपूर्वी या कुटुंबासाठी अर्ज भरला होता. आता कागद मागवले गेले. आधी अमेरिकेच्या नॅशनल व्हिसा सेंटरच्या संकेतस्थळावर सगळं स्कॅन करून चढवायचं आणि मग मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीला मूळ कागद घेऊन जायचं. मुलीचा जन्मदाखला सौदी अरेबियाच्या ‘अहवाल मदनिया’चा, म्हणजे गृह मंत्रालयाच्या नागरी नोंदणी खात्याचा, आणि पूर्ण अरबीत होता. इस्पितळातून मिळालेली जन्माची सूचना घरात होती आणि तिच्यावर इंग्रजीही होतं, पण ती सूचना म्हणजे नोंदणी खात्याचा दाखला नव्हे. वकिलातीला नोंदणीचा कागद लागतो. त्यामुळे भाषांतर करून घेणं भाग होतं.

ते झालं अदालत रोडच्या बाजूला, टायपिंगच्या दुकानात. ओळखीच्या एका मौलवीसाहेबांनी दाखला वाचून इंग्रजी सांगितलं, दुकानातल्या मुलाने टाइप केलं, शेजारच्या नोटरीने शिक्का मारला. भाषांतराखाली दोनच ओळी होत्या. ‘माझ्याकडून भाषांतरित. मुळाशी ताडून पाहिलं.’ खाली आद्याक्षरांची सही. तारीख, पत्ता, फोन काहीच नाही. त्यावर नोटरीचा गोल शिक्का आणि ‘ट्रू कॉपी’चा रबरी ठसा.

कागद दुरुस्तीसाठी परत आला. घरच्यांचा समज असा झाला की नोटरी बरोबर नव्हता, म्हणून ते दुसऱ्या नोटरीकडे जायला निघाले. दोष तिथे नव्हता. दोष त्या दोन ओळींत होता, आणि त्यांच्यामुळे झाकल्या गेलेल्या भाषांतराच्या चुकांत होता.

दोन गोष्टी स्पष्ट शब्दांत हव्यात

अमेरिकेची अपेक्षा तशी थोडकी आहे. भाषांतर अचूक आहे आणि भाषांतरकार ते करायला सक्षम आहे, अशी दोन विधानं भाषांतरकाराच्या सहीने हवीत. त्यांच्या इमिग्रेशनच्या नियमात ‘पूर्ण’ हाही शब्द आहे, म्हणजे भाषांतर पूर्ण आणि अचूक असल्याचं लिहून द्यायचं. ‘ताडून पाहिलं’ यातून यातलं काहीच निघत नाही. कोणी ताडलं, त्याला अरबी येतं का, सगळं उतरवलं की हवं तेवढंच, हे अधिकाऱ्याने अंदाजाने ठरवायचं नसतं.

सक्षमतेचं विधान आपल्याकडे सर्वांत निष्काळजीपणे लिहिलं जातं, आणि मराठवाड्यात त्यामागे एक खास कारण आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. जुने खासरा पत्रक, मुंतखब, दरबारी हुकूम उर्दूत, काही फारसीत. ते मराठीत उतरवून देणारी जाणती माणसं आजही कचेऱ्यांच्या आसपास सापडतात आणि त्यांचं काम मोलाचं आहे. पण लिपी ओळखीची आहे म्हणून सौदी दाखलाही त्यांच्याकडेच जातो. उर्दू येणाऱ्याला अरबी अक्षरं वाचता येतात, बरेच शब्दही ओळखीचे वाटतात, पण अरबी व्याकरण आणि सरकारी अरबीतले नेमके अर्थ हा वेगळा अभ्यास आहे. कुराण उत्तम वाचणाऱ्यालाही आजच्या नोंदणी खात्याची भाषा सवयीची असेलच असं नाही. म्हणून विधानात भाषांची जोडी लिहायची: अरबीतून इंग्रजीत. नुसतं ‘मी भाषांतरकार आहे’ पुरत नाही. इंग्रजीचाही उल्लेख लागतो, कारण सक्षमता दोन्ही बाजूंची हवी.

त्यापुढे एका ओळीत आधार द्यावा: अरबीतली पदवी कुठली, कोणत्या वर्षाची, किंवा किती वर्षं अशा कागदांची भाषांतरं केली. अमेरिका हा आधार मागत नाही. पण भारतात सरकारने परवाना दिलेले शपथबद्ध भाषांतरकार अशी काही देशांत असते तशी व्यवस्था नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला विश्वास ठेवायला त्या ओळीपलीकडे काही मिळत नाही. जे नाही ते मात्र लिहू नये. ‘शासनमान्य’ हा शब्द पाट्यांवर सर्रास दिसतो. तो सहीखाली आला की भाषांतरकार एका खोट्या विधानावर सही करत असतो.

कोणत्या कागदाचं भाषांतर?

पहिल्या मजकुरात दाखल्याची ओळखच नव्हती. ‘सोबतच्या कागदाचं भाषांतर’ एवढ्याने भागत नाही, कारण सोबतचा कागद सुटतो. स्कॅन वेगळं होतं, पानं पुढेमागे होतात, आणि एका कुटुंबाच्या फाइलमध्ये चार जन्मदाखले असतात. म्हणून प्रमाणनात, म्हणजे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून दिलेल्या या मजकुरात, कागदाचा प्रकार, देणारं खातं आणि गाव, दाखल्याचा क्रमांक, दिल्याची तारीख, ज्याच्याबद्दल आहे त्याचं नाव आणि पानांची संख्या यावी. हे सगळं दोन ओळींत मावतं.

एक गोष्ट बहुतेक जण सोडतात: भाषांतरकाराने मूळ कागद पाहिला की झेरॉक्स, की फोनवर आलेला फोटो? जे असेल ते लिहावं. स्कॅनवरून भाषांतर करण्यात गैर काही नाही, मात्र स्कॅनमध्ये पाठची बाजू नसते, उठावाचा शिक्का दिसत नाही, आणि कडेला हाताने लिहिलेला शेरा कापला जातो. ‘मूळ कागद पाहून’ असं लिहिलं आणि पाहिला होता फक्त फोटो, तर पुढची सगळी विधानं डळमळीत होतात.

इथे तेच झालं होतं. दाखल्याच्या पाठीवर सौदी परराष्ट्र मंत्रालयाचा साक्षांकनाचा स्टिकर होता आणि त्याखाली एक शिक्का. मौलवीसाहेबांपुढे आली ती पुढच्या बाजूची झेरॉक्स. पाठ कोणी उलटलीच नाही. उद्या त्यांनी ‘पूर्ण भाषांतर’ असं लिहून दिलं असतं, तरी ते खरं ठरलं नसतं.

‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ असा: छापील मजकूर, हाताने भरलेला मजकूर, गोल शिक्का, चौकोनी ठसा, सहीखालचं पदनाम, कोपऱ्यातला फॉर्मचा क्रमांक, पाठीवरचं सगळं. शिक्का चित्रासारखा डकवायचा नाही. चौकटी कंसात लिहायचं, की इथे गोल शिक्का आहे, त्यावर अमुक खातं, अमुक शहर. जो भाग वाचता येत नाही, तिथे ‘अस्पष्ट’ असं लिहायचं. सही असेल तर ‘सही आहे’ एवढंच. सहीतून नाव ओळखण्याचा प्रयत्न करायचा नाही. मुळातच इंग्रजीत असलेला मजकूर तसाच घ्यायचा आणि तो मुळात इंग्रजीत आहे असं नोंदवायचं. रिकामा रकानाही रिकामा म्हणून दाखवायचा. तो गाळला तर भाषांतरकाराने काही लपवलं का, असा प्रश्न उठतो. प्रमाणनात मग एक वाक्य पुरतं: शिक्के, ठसे, हस्तलिखित नोंदी आणि मागची बाजू धरून भाषांतर पूर्ण आहे, आणि जे वाचता आलं नाही ते त्या त्या जागी नोंदवलं आहे.

१५ मुहर्रम १४३६

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे. मुलीची जन्मतारीख दाखल्यावर फक्त हिजरीत होती: १५ मुहर्रम १४३६. मुलीच्या भारतीय पासपोर्टवर ८ नोव्हेंबर २०१४. पहिल्या भाषांतरात छापून आलं ३ नोव्हेंबर २०१४.

ही चूक मौलवीसाहेबांची नव्हती. त्यांनी मजकूर सांगितला आणि आकडे दाखल्यावरून टाइप करायला मुलाला सांगितलं. अरबीतला पाचाचा अंक वाटोळा असतो, आपल्या देवनागरी शून्यासारखा. अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. मुलाने पंधराचे दहा केले. मग संगणकावर १० मुहर्रम १४३६ टाकून इंग्रजी तारीख काढली आणि ३ नोव्हेंबर लिहून मोकळा झाला. हिजरी तारीख त्याने ठेवलीच नाही, त्यामुळे चूक शोधायला वाटच उरली नाही. असेच आणखी धोके सहाच्या आणि सातच्या अंकात आहेत. अरबी सहा इंग्रजी साताच्या जवळ जातो आणि अरबी सात इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो. हस्तलिखितात तर तिनाचा अंक छापील दोनासारखा येतो. आकडे भाषांतरकाराने स्वतः टाइप करावेत, किंवा टाइप झाल्यावर बोट ठेवून एकेक अंक मुळाशी लावावा. दाखल्यावर तारीख अक्षरांतही असेल तर ती आधी वाचावी, कारण अक्षरांत पाच आणि शून्य यांची गल्लत होत नाही.

परत आलेला कागद घरी आला तेव्हा घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी जुनं उर्दू कॅलेंडर काढलं आणि १५ मुहर्रम बघितला. तिथे निघाली ९ नोव्हेंबर. आता तिसरी तारीख झाली आणि सगळे गोंधळले. कॅलेंडर खोटं नव्हतं. त्या साली भारतात मुहर्रम एक दिवस उशिरा सुरू झाला: इथला आशूरा, म्हणजे १० मुहर्रम, ४ नोव्हेंबर २०१४ ला होता आणि सौदीत तो ३ नोव्हेंबरला. आपल्याकडे महिना चंद्रदर्शनावर धरतात. सौदी सरकारी कामकाज ‘उम्म अल-कुरा’ या कॅलेंडरवर चालतं, ज्यात मक्केसाठीचं गणित आगाऊ करून महिने ठरवलेले असतात. त्या कॅलेंडरात १ मुहर्रम १४३६ म्हणजे २५ ऑक्टोबर २०१४. तिथून मोजत आलं की १५ मुहर्रमला बरोबर ८ नोव्हेंबर येते. पासपोर्ट बरोबर होता, दाखला बरोबर होता, चुकलं होतं ते मधलं भाषांतर.

म्हणून तारखेचा नियम. भाषांतरात हिजरी तारीख मुळात आहे तशी राहते, दिवस-महिना-वर्ष, महिन्याचं नाव अक्षरांत. इंग्रजी तारीख तिच्यापुढे चौकटी कंसात येते, कारण ती दाखल्यावर नाही, भाषांतरकाराने घातली आहे. आणि प्रमाणनात सांगायचं की कंसातल्या इंग्रजी तारखा उम्म अल-कुरा कॅलेंडरप्रमाणे काढल्या आहेत. दाखल्यावर दोन्ही तारखा छापलेल्या असतील तर काहीच मोजायचं नाही, दोन्ही आहेत तशा द्यायच्या, त्या एकमेकींशी जुळत नसल्या तरी. न जुळणं हे टिपेत लिहावं. भाषांतरकाराने त्यातली एक निवडू नये.

पासपोर्टवर ९ तारीख असती तर काय केलं असतं? तेव्हाही भाषांतरात ८ नोव्हेंबरच आली असती. पासपोर्टशी जुळावी म्हणून तारीख वाकवणं म्हणजे ‘अचूक’ या शब्दाखाली खोटी सही करणं. तो फरक अर्जदाराने आपल्या बाजूने समजावून सांगायचा असतो.

परवीन आणि बरवीन

नावांचा प्रश्न याच्या नेमका उलट आहे, तिथे पासपोर्ट पाहावाच लागतो. अरबीत ‘प’ नाही. ‘च’, ‘ट’, ‘ड’ नाहीत. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. मुलीच्या आईचं नाव परवीन. दाखल्यावर ते ‘बरवीन’ असं वाचता येतं. पहिल्या भाषांतरात तसंच इंग्रजीत उतरलं आणि पासपोर्टवर पी ने सुरू होणारी बाई जन्मदाखल्यात बी ने सुरू होणारी झाली. आडनाव पठाण, त्याचंही तसंच.

इथे दोन प्रकारचे फरक वेगळे करायला हवेत. पहिला लिपीमुळे पडलेला. अरबी कारकुनापुढे ‘प’ लिहायला अक्षरच नव्हतं, म्हणून त्याने ‘ब’ लिहिला. अशा ठिकाणी भाषांतरात पासपोर्टचं स्पेलिंग वापरावं, आणि तळटिपेत अरबीत अक्षरशः काय आहे ते द्यावं. प्रमाणनात वाक्य यावं, की व्यक्तींच्या नावांचं स्पेलिंग मला दाखवलेल्या पासपोर्टप्रमाणे आहे. पासपोर्टचा क्रमांकही द्यावा. हे वाक्य नसेल तर भाषांतरकाराने पासपोर्ट पाहून नाव ‘सुधारलं’ असं वाटू शकतं. ते लिहिलं की तीच गोष्ट उघड आणि तपासता येण्याजोगी होते. म्हणून काम हाती घेतानाच म्हणायचं, ‘भाई, घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन या, नुसता दाखला नको.’

दुसरा फरक नावातलाच असतो. समजा, आईच्या पासपोर्टवर नावापुढे बेगम आहे आणि दाखल्यावर नाही. तिथे बेगम जोडायचं नाही. दाखल्यावर वडिलांच्या नावामागे आजोबांचं नाव आहे आणि पासपोर्टवर नाही, तर ते गाळायचं नाही. सौदी कागदांत स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं आणि घराण्याचं नाव ओळीने येतं. आपल्या पासपोर्टची रचना तशी नाही. पासपोर्टवर ‘मोहम्मद’चं संक्षिप्त रूप चार अक्षरांत असतं आणि अरबीत पूर्ण नाव. तो लिपीचा फरक नसला तरी तेच नाव आहे, म्हणून पासपोर्टचं रूप घ्यावं आणि टीप द्यावी, असं आमचं मत. काही भाषांतरकार उलटं करतात, पूर्ण रूप लिहून टिपेत संक्षेप देतात. दोन्ही चालतं, पण एका फाइलच्या सगळ्या कागदांत एकच पद्धत पाहिजे.

गावाच्या नावाचाही एक बारीक मुद्दा. आईवडिलांचं जन्मगाव अरबीत ‘औरंगाबाद’ असं लिहिलेलं असेल, तर भाषांतरात औरंगाबादच येणार. गावाचं नाव पुढे बदललं म्हणून जुन्या कागदातलं नाव बदलायचं नाही. भाषांतरकाराच्या स्वतःच्या पत्त्यात मात्र आजचं नाव.

नोटरीचा शिक्का काय सांगतो

नोटरी कायदा १९५२ चा. त्याच्या आठव्या कलमात नोटरीच्या कामांत दस्तऐवजाचं भाषांतर करणं आणि भाषांतर पडताळणं हेही आहे. पण ज्या नोटरीला अरबी येत नाही, तो पडताळणार काय? तो प्रामाणिकपणे एवढंच सांगू शकतो, की अमुक माणसाने ओळख पटवून माझ्यासमोर सही केली किंवा शपथ घेतली. ‘ट्रू कॉपी’चा ठसा तर भाषांतराशी संबंधितच नाही. तो झेरॉक्स मुळाशी जुळते एवढंच म्हणतो. या प्रकरणात तो ठसा चुकीच्या जागी होता आणि भाषांतरकाराची सक्षमता सांगणारा शब्द कुठेच नव्हता.

अमेरिकेच्या या कामासाठी नोटरी लागत नाही. कॅनडाच्या इमिग्रेशनला लागतो: भाषांतरकार तिथल्या अर्थाने प्रमाणित नसेल तर त्याचं शपथपत्र हवं, म्हणजे अचूकतेचं विधान शपथेवर. आपल्याकडच्या बहुतेकांना हेच लागू होतं. कॅनडा आणखी एक अट घालतो: अर्जदाराने किंवा त्याच्या नातेवाइकाने भाषांतर करायचं नाही. अमेरिकेच्या नियमात तसं नावानिशी लिहिलेलं नाही, तरी मामाने भाचीच्या दाखल्याचं भाषांतर करू नये. प्रमाणनात ‘अर्जदाराशी माझं नातं नाही, या अर्जात माझा हितसंबंध नाही’ हे वाक्य लिहिता आलं पाहिजे.

ब्रिटनला चार गोष्टी लागतात: भाषांतर मुळाशी अचूक असल्याचं विधान, भाषांतराची तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव आणि सही, आणि संपर्काचा तपशील. ऑस्ट्रेलिया देशाबाहेरच्या भाषांतरकाराकडे तिथल्या मान्यतेचा आग्रह धरत नाही, पण नाव, पत्ता, फोन, आणि त्या भाषेतली पात्रता व अनुभव भाषांतरावर इंग्रजीत मागतो. हे सगळं एकावर एक ठेवलं तर दिसतं की एकच नीट लिहिलेला मजकूर चौघांनाही पुरतो. फक्त कॅनडासाठी तोच मजकूर शपथपत्राच्या रूपात नोटरीपुढे करायचा.

दुरुस्त केलेला मजकूर

दुसऱ्या वेळी काम अरबीत एम.ए. केलेल्या एका भाषांतरकाराने केलं. प्रमाणन इंग्रजीतच असतं. त्याचा आशय मराठीत असा होता:

> मी, (ओळखपत्रावर आहे तसं पूर्ण नाव), असं प्रमाणित करतो की अरबीतून इंग्रजीत भाषांतर करण्यास मी सक्षम आहे. माझी पात्रता: अरबी विषयात एम.ए., (विद्यापीठ, वर्ष).
>
> सोबतचं दोन पानांचं भाषांतर सौदी अरेबियाच्या गृह मंत्रालयाच्या नागरी नोंदणी खात्याने जेद्दा इथे दिलेल्या जन्मदाखल्याचं आहे. दाखला क्रमांक (…), दिल्याची तारीख (…), मुलीचं नाव (…). दाखला एका पानाचा असून दोन्ही बाजूंना मजकूर आहे. मी मूळ कागद पाहिला आहे.
>
> हे भाषांतर मुळाचं पूर्ण आणि अचूक भाषांतर आहे. त्यात शिक्के, ठसे, हस्तलिखित नोंदी आणि मागची बाजू यांचा समावेश आहे. वाचता न आलेले भाग त्या जागी नोंदवले आहेत.
>
> व्यक्तींच्या नावांचं स्पेलिंग मला दाखवलेल्या भारतीय पासपोर्टप्रमाणे (क्रमांक …) आहे. अरबी मजकुरातलं रूप वेगळं असेल तिथे टीप दिली आहे. चौकटी कंसातल्या इंग्रजी तारखा उम्म अल-कुरा कॅलेंडरप्रमाणे काढलेल्या असून त्या मुळात नाहीत.
>
> अर्जदारांशी माझं नातं नाही. मूळ दाखल्याच्या खरेपणाबद्दल मी काही प्रमाणित करत नाही.
>
> सही, पूर्ण नाव, ठिकाण, तारीख, पत्ता, फोन, ईमेल.

शेवटून दुसऱ्या ओळीवर लोक अडखळतात. दाखल्याचा खरेपणा भाषांतरकाराने का सांगू नये? कारण तो त्याला ठाऊक नाही. त्याला एवढंच माहीत आहे की समोरच्या कागदावर जे अरबी आहे त्याचं हे इंग्रजी आहे. कागद खरा आहे हे त्यावरचं साक्षांकन सांगतं. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ पासून अपोस्टीलच्या, म्हणजे सदस्य देशांत चालणाऱ्या एकाच साक्षांकनाच्या, करारात आहे, त्यामुळे अलीकडच्या कागदांवर अपोस्टील दिसतं आणि जुन्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर. दोन्हींचं भाषांतर करायचं, हमी घ्यायची नाही.

तारीख सही करतानाची हवी. भाषांतरात नंतर एक अंक जरी बदलला तरी जुन्या सहीचं पान नव्या भाषांतराला लावायचं नाही. नवं प्रमाणन, नवी तारीख, नवी सही. दुकानात शेवटचं पान तेच ठेवून आधीचं बदलण्याची सवय असते. म्हणूनच भाषांतराच्या प्रत्येक पानावर आद्याक्षरं आणि ‘दोनपैकी पान एक’ अशी नोंद असावी, आणि दाखल्याचा क्रमांक प्रत्येक पानाच्या माथ्यावर यावा. प्रमाणन वेगळ्या पानावर असेल तर त्यालाही तीच क्रमवारी.

या कुटुंबाने मग मूळ दाखल्याची पुढची बाजू, पाठची बाजू, भाषांतराची दोन पानं आणि प्रमाणन अशी सगळी पानं याच क्रमाने स्कॅन करून एका पीडीएफमध्ये चढवली. अमेरिकेला मूळ कागद आणि भाषांतर एकाच फाइलमध्ये हवं असतं. सही निळ्या शाईची होती, स्कॅन रंगीत होतं, आणि मुलाखतीच्या पाकिटात भाषांतरकाराच्या सहीची मूळ प्रत, दाखला आणि आईचा पासपोर्ट एकत्र ठेवला होता, म्हणजे खिडकीवर ‘परवीन’बद्दल विचारलं तर टिपेवर बोट ठेवता येईल.